‘झाडवर’ का नाही आणि ‘मर मेले’ का नाही : पालकांना लिहिलेलं एक पत्र

मी मराठी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दर जूनमध्ये पहिल्या पालकसभेला मी पालकांना एक पत्र देते. कारण प्रत्येक वर्षी प्रश्न तोच येतो: “बाई, पोराला कन्नड यायला पाहिजे, इंग्लिश यायला पाहिजे, मग मराठीच्या व्याकरणात एवढा वेळ कशाला घालवताय?” प्रश्न रास्त आहे. बेळगावात, खानापुरात, निपाणीत राहायचं तर कन्नड लागतं, आणि ते नीट लागतं. तुम्ही बरेचजण याच शाळांतून पुढे गेलात, पाच-सात वर्षांनी पालक म्हणून याच बाकांवर येऊन बसाल. म्हणून ते पत्र आज तुम्हांला वाचून दाखवते. मधे मधे थांबून बोलेन.

प्रिय पालक,

तुमच्या मुलाला मराठीत ‘झाड’ माहीत आहे आणि ‘वर’ माहीत आहे. तरी तो ‘माकड झाडवर बसलं’ असं म्हणत नाही, ‘झाडावर’ म्हणतो. शाळेच्या बाबतीत ‘शाळात’ म्हणत नाही, ‘शाळेत’ म्हणतो. भिंतीचं ‘भिंतीवर’ होतं, मुलाचं तर ‘मुलगाला’ न होता ‘मुलाला’ होतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. चार वर्षांचा होईपर्यंत घरात ऐकून ऐकून आलं. पुढे जोड लागायच्या आधी शब्द आपलं रूप बदलतो, त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. नाव पाठ नसलं तरी चालेल. शब्द बदलतो, हे मुलाच्या ध्यानात आलं पाहिजे, आणि तेवढंच मी तिसरीत करून घेते.

आता कन्नड घ्या. झाडाला कन्नडमध्ये ‘मर’. ‘वर’ला ‘मेले’. मूल सरळ जोडतं : ‘मर मेले’. कन्नडच्या बाई लाल रेघ मारतात. बरोबर आहे ‘मरद मेले’. झाडाखाली म्हणायचं तर ‘मरद केळगे’, झाडापासून म्हणायचं तर ‘मरदिंद’. म्हणजे ‘मर’ या शब्दाने जोड लागायच्या आधी ‘द’ घेतला, जसा ‘झाड’ने काना घेतला. पुस्तकाचंही तसंच, ‘पुस्तकदल्लि’ म्हणजे पुस्तकात. मुलगा म्हणजे ‘हुडुग’, तो मात्र ‘द’ घेत नाही, ‘न’ घेतो : ‘हुडुगन कै’, मुलाचा हात. घर म्हणजे ‘मने’, त्याला मधे ‘य’ लागतो : ‘मनेयल्लि’, घरात. आपल्याकडेही झाड, शाळा, भिंत, मुलगा हे चार शब्द चार तऱ्हांनी बदलले, ते आठवा.

ज्या मुलाने मराठीत एकदा बसून पाहिलंय की शब्दांचे गट असतात आणि गटागटाने ते वेगळे बदलतात, तो कन्नडमध्ये पुढचा प्रश्न स्वतः विचारतो : “बाई, हा शब्द कशासारखा बदलतो, मरसारखा की मनेसारखा?” ज्याने पाहिलेलं नाही, त्याला मरद, हुडुगन, मनेय हे तीन सुटे शब्द वाटतात आणि तो तिन्ही घोकत बसतो. घोकून तीन पाठ होतील, तीनशे होणार नाहीत.

(इथे मी थांबते, कारण हमखास कुणीतरी म्हणतं, “पण बाई, आम्ही तर टेबलवर म्हणतो, टेबलावर कुठे म्हणतो?” खरंय. बाहेरून नवीन आलेले शब्द असे सुटतात. हे मूल जेव्हा आपण होऊन पकडतं, त्या दिवशी माझं अर्धं काम झालेलं असतं.)

‘मरद’ झालं म्हणून झाडाला ‘मरदगे’ होईल असं मुलाला वाटतं. होत नाही, ‘मरक्के’ होतं. तिथे मराठीचा आधार संपतो, तिथे कन्नडच ऐकावं लागतं. आधार कुठपर्यंत आहे आणि कुठे संपतो, दोन्ही मी वर्गात सांगते.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. गेल्या काही वर्षांत वह्यांमधून एक चूक वारंवार दिसते : ‘हुडुग रोट्टि तिंदळु’. म्हणायचंय ‘मुलाने भाकरी खाल्ली’. ‘तिंदळु’ हे रूप बाईमाणसासाठी, मुलासाठी ‘तिंदनु’ पाहिजे. वरवर बघणाऱ्याला वाटेल, पोराला मुलगा-मुलगी कळत नाही. पण मराठी वाक्य बघा. मुलाने भाकरी खाल्ली, मुलाने आंबा खाल्ला, मुलाने केळं खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद जे खाल्लं त्याच्याप्रमाणे फिरतंय. ते पोर भाकरीकडे बघून ‘खाल्ली’ म्हणायला शिकलंय, तेच त्याने कन्नडमध्ये केलं. निष्काळजीपणा नाही हा, उलट नियम पाळलाय, फक्त तो या भाषेचा नाही. कन्नडमध्ये भाकरी असो, आंबा असो, खाणारा मुलगा असेल तर ‘तिंदनु’, मुलगी असेल तर ‘तिंदळु’.

गंमत अशी की हेच मूल ‘मुलगा भाकरी खातो’ याचं कन्नड बिनचूक करतं, ‘हुडुग रोट्टि तिन्नुत्ताने’. कारण वर्तमानकाळात मराठीतही क्रियापद खाणाऱ्याप्रमाणेच चालतं. म्हणजे चूक नेमकी कुठे होणार हे मला आधीच माहीत असतं. भूतकाळ आणि ‘ने’ लागलेलं वाक्य आलं की थांबायचं. म्हणून कन्नडच्या तासाआधी मी मराठीत दहा मिनिटं फळ्यावर दोन वाक्यं लिहिते, ‘खातो’ आणि ‘खाल्ली’. मुलांना बोट ठेवायला सांगते : क्रियापद कुणाकडे बघतंय? एकदा भाकरीवर बोट ठेवलं की कन्नडचं वाक्य दिल्यावर ती स्वतःच बोट उचलून खाणाऱ्यावर ठेवतात.

अशाच कारणाने ‘कुत्रा आला’चं काही मुलं ‘नायि बंदनु’ करतात. आपल्याकडे कुत्रा ‘तो’ आहे, कन्नडमध्ये पुरुष आणि बाई सोडून जनावरं, वस्तू एकाच रांगेत, ‘नायि बंदितु’. आपल्या तीन लिंगांपेक्षा हे खरं तर सोपं आहे. मराठीत दगड ‘तो’ का आणि वीट ‘ती’ का, याला उत्तर नाही, पाठच व्हावं लागतं.

(लहानपणापासून ऐकलेली एक गोष्ट इथे सांगते. आपल्याकडे बायका, मुली सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे हसतात. कन्नडमध्ये ‘नानु होगुत्तेने’ बाई म्हणो की बुवा, एकच. मी मुलींना सांगते, घरचं बोलणं घरचं आहे, ते चूक नाही. वहीत ‘मी जाते’ लिहायचं. दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघितली की लिहिताना गोंधळ होत नाही. आणि हसणाऱ्या पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं तेही कळतं.)

तिसरी गोष्ट थोडक्यात. ‘मला माहीत आहे’ कन्नडमध्ये ‘ननगे गोत्तु’, ‘मला पाहिजे’ म्हणजे ‘ननगे बेकु’. ‘मला’च्या जागी ‘ननगे’ ठेवा, वाक्य उभं. ‘जेवून शाळेला जातो’ म्हणजे ‘ऊट माडि शालेगे होगुत्तेने’. शब्दांचा क्रमसुद्धा हलत नाही. इंग्रजीत मात्र हे सगळं मोडतं. ‘मला’ जाऊन ‘आय’ येतो, ‘झाडावर’चं ‘ऑन द ट्री’ होतं, म्हणजे ‘वर’ शब्दाच्या पुढे जाऊन बसतो आणि झाड काही बदलत नाही. मुलं ‘ट्री ऑन’ लिहितात ते यामुळे. मराठीत ‘वर’ मागे असतो हे ज्याने लक्ष देऊन बघितलंय, त्याला “इंग्रजीत तो पुढे येतो” हे एका वाक्यात सांगता येतं. ज्याने बघितलं नाही, त्याला सांगायचं तरी कशाच्या तुलनेत?

(कन्नड-मराठी इतकं का जुळतं, तर शेकडो वर्षांचा शेजार. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. गावात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे लोक शब्द आपापले वापरत होते, पण वाक्याची बांधणी इतकी एक झाली होती की एका भाषेच्या शब्दाखाली दुसऱ्या भाषेचा शब्द लिहीत गेलं तरी वाक्य बनत होतं.)

आता तुमच्या काळजीबद्दल. मराठी पक्कं झालं की कन्नड आपोआप येईल, असं मी म्हणत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी मांडलं की एका भाषेत कमावलेली समज दुसरीत उपयोगी पडते, पण ती दुसरी भाषा पुरेशी कानावर आणि वापरात असेल तरच. ‘मर’ हा शब्दच ज्याला माहीत नाही, त्याला सामान्यरूप समजून काय उपयोग? शब्द, लिपी, उच्चार मराठीतून मिळत नाहीत. वर्णमालेचा क्रम ओळखीचा वाटेल, पण कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे आहेत, ते कानानेच शिकायचे. म्हणून मुलाला गल्लीतल्या कन्नड पोरांत खेळू द्या, दुकानात कन्नडमध्ये मागू द्या. बाजारातलं कन्नड पुस्तकातल्यासारखं नसतं. नसू दे.

घरी एकच काम करा. कन्नडच्या वहीत लाल रेघ दिसली की मुलाला त्याच वाक्याचं मराठी लिहायला सांगा, बोलायला नव्हे. मराठी बरोबर लिहिलं, तर त्याला कन्नड अजून ऐकायला, वाचायला हवंय. मराठीतही ‘शाळामध्ये’, ‘झाडवर’ असं काही आलं, तर अडचण कन्नडची नाही, तिथे आधी मराठीवर बसावं लागेल आणि ते मी बघेन. उत्तर तुम्ही दुरुस्त करू नका. दोन्ही वाक्यं एकाखाली एक तशीच राहू द्या आणि वही सोमवारी माझ्याकडे पाठवा. कन्नड येत नसलं तरी तुम्हांला हे करता येतं.

तुमची,
वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी