ज्याला दुखते, जो ठरवितो आणि जो पैसे देतो

बाजारात तांदूळ घेण्यास गेलेली गृहिणी दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहत नाही. ती मूठभर दाणे तळहातावर घेते, कणी किती आहे ते पाहते, दोन दाणे दातांखाली चावते आणि भाव पटला नाही तर शेजारच्या दुकानाची पायरी चढते. घरी भात शिजला की तांदूळ जुना होता की नवा, हे तिला त्याच दिवशी कळते. फसवणूक झालीच, तर पुढच्या महिन्यात ती त्या दुकानाकडे फिरकत नाही. येथे गरज कोणाची, निवड कोणाची आणि पैसे कोणाचे, या तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच असते. बाजाराला जी काही शिस्त असते ती या एका उत्तरातून आलेली असते.

हीच गृहिणी आजारी पडून दवाखान्यात गेली, की या एका उत्तराची तीन उत्तरे होतात. दुखणे तिचे असते. काय करावयाचे ते डॉक्टर ठरवितो. आणि पुष्कळदा पैसे विमा कंपनी किंवा सरकार देते. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1963 च्या डिसेंबरात ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक प्रदीर्घ निबंध लिहून या भेदाचे मूळ शोधले. वैद्यकीय सेवेचा व्यवहार इतर व्यवहारांहून निराळा का, याचे बहुतेक उत्तर त्याने अनिश्चितता या एका शब्दात दिले. दुखणे कधी येईल याची अनिश्चितता ही पहिली, आणि उपचाराने ते जाईल की नाही याची ही दुसरी. या दोहोंचा अर्थ एका शस्त्रक्रियेच्या उदाहरणावरून स्पष्ट होण्यासारखा आहे. ती शस्त्रक्रिया म्हणजे गर्भाशय काढणे, किंवा खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या बोलीत, ‘पिशवी काढणे’.

पस्तिशीची एक स्त्री आहे अशी कल्पना करावी. महिन्याच्या पाळीत तिला फार रक्त जाते, कंबर दुखते, अधूनमधून पांढरे जाते. या तक्रारींची कारणे अनेक असू शकतात. कधी शरीरातील संप्रेरकांचा तोल ढळलेला असतो, कधी थायरॉइड ग्रंथीचा दोष असतो, कधी गर्भाशयात गाठी असतात. पांढरे जाण्यामागे बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. म्हणून तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन, सोनोग्राफी आणि संशय असल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून त्याची परीक्षा, असा क्रम असतो. त्यानंतर लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा संप्रेरकयुक्त तांबीसारखे साधन, असे उपाय करून पाहता येतात. त्यांनी भागले नाही, किंवा कर्करोगासारखे गंभीर कारण आढळले, तर शस्त्रक्रिया अवश्य करावी लागते व ती जीव वाचविते.

परंतु त्या स्त्रीला यातले काहीच ठाऊक नसते. ‘पिशवी खराब झाली आहे, आज ना उद्या कर्करोग होईल,’ एवढे एक वाक्य तिच्या कानावर पडले, की तिची निवड संपते. तांदळाच्या दाण्यासारखा सोनोग्राफीचा कागद चावून पाहता येत नाही.

याहून मोठी अडचण पुढे आहे. शस्त्रक्रिया झाली आणि रक्त जाणे थांबले. ती स्त्री डॉक्टरला दुवा देते आणि शेजारणीला त्याच दवाखान्याचे नाव सांगते. गोळ्यांनीही रक्त थांबले असते काय, हे तिला कधीच कळणार नाही, कारण जो उपाय केला नाही त्याचा अनुभव कोणालाच येत नसतो. तरुण वयात अंडाशयही काढले गेले, तर रजोनिवृत्ती एकाएकी येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. पण हाडांवरचा परिणाम वर्षांनी दिसतो आणि त्याचा संबंध त्या शस्त्रक्रियेशी जोडणारे जवळ कोणी नसते. भात शिजल्यावर तांदूळ कळतो, तसा उपचार घेतल्यावरही उपचार कळत नाही. वाईट माल विकणाऱ्याला बाजार जी शिक्षा करतो, ती येथे होतच नाही.

आता दुखणे कधी येईल या अनिश्चिततेकडे वळावे. घरात दरमहा किती तांदूळ लागेल हे ठरलेले असते. कोणाचे दुखणे कधी काढावे लागेल हे ठरलेले नसते. म्हणून लोक जोखीम वाटून घेतात. समजा, शंभर कुटुंबांपैकी वर्षात दोघांना प्रत्येकी 30,000 रुपयांचा खर्च येणार आहे. कोणत्या दोघांना, हे माहीत नाही. प्रत्येकाने 600 रुपये घातले तर हिशेब जुळतो. परंतु ज्यांना आपली प्रकृती ठणठणीत वाटते अशी पन्नास कुटुंबे ‘आम्हाला काय गरज’ म्हणून बाहेर पडली, तर खर्च तोच राहून उरलेल्या पन्नासांवर 1,200 रुपयांचा बोजा पडतो. तो पाहून आणखी काही निघून जातात. आपली प्रकृती कशी आहे हे विमा घेणाऱ्याला ठाऊक असते, विकणाऱ्याला नसते. माहितीची दरी येथे उलट दिशेने आडवी येते. म्हणून खुल्या बाजारात विमा आपणहून सर्वांपर्यंत पोहोचत नाही आणि सरकारला मध्ये पडावे लागते.

भारतात असा एक मोठा प्रयोग 2008 साली सुरू झाला. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना हे त्याचे नाव. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने नोंदणीचे 30 रुपये भरावयाचे. विम्याचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकारांनी द्यावयाचा. कुटुंबातील पाच जणांपर्यंत मिळून वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न देता मिळावयाचे. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आगाऊ ठरलेला होता आणि खाजगी रुग्णालयेही योजनेत होती. ज्यांनी दुखण्यापायी भांडीकुंडी विकली होती, त्यांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हती.

तथापि योजनेत एक अट होती: रुग्णालयात दाखल झाले तरच पैसे मिळत. आता त्या पस्तिशीच्या स्त्रीचा हिशेब पुन्हा मांडावा. सहा महिने गोळ्या घ्यावयाच्या, तर तपासणी, औषध आणि बुडालेली मजुरी हे सारे तिच्या पदरचे. पिशवी काढावयाची, तर एक पैसाही लागत नाही. रुग्णालयाला गोळ्या लिहून दिल्याबद्दल योजनेतून काही मिळत नाही. शस्त्रक्रियेबद्दल ठरलेली रक्कम मिळते. विमा कंपनी दूर बसलेली. तिच्यापुढे फक्त कागद येतो. तिघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही, तरी हिशेबाचा उतार शस्त्रक्रियेकडेच आहे. त्यात एखादा जरी लोभी निघाला, तर काय होईल हे सांगावयास नको. 2012 च्या सुमारास छत्तीसगडमध्ये आणि बिहारच्या समस्तीपूर जिल्ह्यात तरुण स्त्रियांची गर्भाशये अनावश्यकपणे काढल्याच्या तक्रारी उघडकीस आल्या व त्यांच्या चौकशा झाल्या.

यावरून सारा दोष तिसऱ्याने पैसे देण्याचा आहे, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची पाहणी महाराष्ट्रात 2019 साली झाली, तेव्हा सुमारे 82,000 स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील पुष्कळांनी मुकादमाकडून उचल घेऊन खाजगी दवाखान्यात स्वतःचे पैसे भरले होते. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा पडला तर दंड होई, म्हणून ‘एकदाची कटकट जाऊ दे’ असे त्यांना वाटे. पैसे स्वतःचे असूनही त्यांना पारख करता आली नाही. माहितीची दरी असली, की खिसा कोणाचा याने फारसा फरक पडत नाही.

हीच गोष्ट एका निराळ्या मार्गाने अमेरिकेत तपासली गेली. रँड या संस्थेने 1974 ते 1982 या काळात सहा ठिकाणच्या कुटुंबांना जणू चिठ्ठ्या टाकून निरनिराळ्या विमा योजनांत घातले. काहींना उपचार संपूर्ण मोफत, तर काहींना वार्षिक मर्यादेपर्यंत खर्चाचा चौथा हिस्सा, निम्मा किंवा जवळजवळ सगळा भार स्वतः सोसावा लागे. मोफत उपचार मिळणाऱ्यांचा खर्च सुमारे 30 टक्क्यांनी अधिक झाला, आणि सर्वसाधारण माणसाच्या प्रकृतीत त्यामुळे फारसा फरक दिसला नाही. परंतु ज्यांना पैसे द्यावे लागले त्यांनी केवळ निरुपयोगी उपचार टाळले असे नाही. उपयुक्त उपचारही त्यांनी जवळजवळ त्याच प्रमाणात टाळले. गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचा रक्तदाब मोफत उपचारांनी अधिक आटोक्यात राहिला. किंमत लावली की माणूस कमी घेतो. योग्य तेच घेतो, असे मात्र नाही.

मग ही पारख करावी कोणी? ज्याला त्या निर्णयातून काही मिळावयाचे नाही, अशा जाणकाराने. 2019 नंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची अनुमती घ्यावी, असा नियम करण्यात आला, त्यामागे हेच तत्त्व होते. त्यालाही मर्यादा आहेत. अनुमतीस उशीर झाला तर जिला खरोखर शस्त्रक्रियेची गरज आहे तिचे हाल होतात, आणि सही यांत्रिक झाली तर नियम कागदावरच राहतो. डॉक्टरला शस्त्रक्रियेगणिक पैसे न देता पगार द्यावा म्हटले, तर कमी काम करण्याकडे कल होतो. माणशी ठराविक रक्कम द्यावी, तर फार आजारी माणूस नकोसा होतो. पैसे देण्याची कोणतीच पद्धत निर्दोष नाही. प्रत्येकीचा उतार कोणत्या बाजूस आहे हे ओळखून त्याच्या विरुद्ध बाजूस पहारा ठेवावा लागतो.

तो पहारा ठेवणे अशक्य नाही. एखाद्या रुग्णालयात पिशवी काढलेल्या स्त्रियांपैकी चाळिशीच्या आतल्या किती, किती जणींच्या कागदांत आधी औषध देऊन पाहिल्याची नोंद आहे, किती जणींचा काढलेला अवयव परीक्षेसाठी प्रयोगशाळेत गेला, एवढे तीन आकडे पाहिले तरी संशयाची जागा दिसते. आणि घरच्या माणसांनी डॉक्टरला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: शस्त्रक्रिया आजच न करता तीन महिने औषध घेतले तर काय धोका आहे, आणि हे कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखविण्यास हरकत आहे काय? सचोटीचा डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तांदळाची परीक्षा गृहिणी एकटी करू शकते. ही परीक्षा एकट्याने होत नाही. म्हणूनच या व्यवहारात शपथ, नियम आणि दुसऱ्या जाणकाराचा सल्ला ही भाव आणि वजनकाट्याइतकीच आवश्यक साधने ठरतात.