अंबरखान्यापुढचा पाहुणा

कोडोलीच्या माणसाला पन्हाळगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. तालुका पन्हाळ्याचा, शाळेची सहल पन्हाळ्याला, पाहुणे आले की पहिला बेत पन्हाळ्याचाच. वेढा, शिवा काशिद, बाजीप्रभू ही नावं इथल्या मुलांना पुस्तक हातात येण्याआधीच कानांवरून माहीत झालेली असतात. म्हणून गडावरच्या मराठी फलकाला थोडक्यात बोलून भागतं. ‘सिद्दी जौहरचा वेढा’ एवढे तीन शब्द लिहिले की पावसाळी रात्र, पालखी आणि घोडखिंड वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उभी राहते.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्यात पन्हाळा आहे. आता गडावर असाही माणूस येणार, ज्याने यांतलं एकही नाव ऐकलेलं नाही. त्याच्यासाठी मराठी मजकूर इंग्रजीत नेताना नेमकं काय करावं लागतं, ते एकाच परिच्छेदावर पाहू. गडावरच्या कुठल्याही फलकाची ही नक्कल नाही, या भाषणापुरता तयार केलेला नमुना आहे:

‘अंबरखाना. गडावरील धान्याचे कोठार. गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन कोठ्या. गंगा कोठी सर्वांत मोठी असून तिची क्षमता पंचवीस हजार खंडी होती. सिद्दी जौहरच्या वेढ्यात याच धान्याच्या बळावर छत्रपती शिवाजी महाराजांनी गड झुंजवला.’

चांगला, आटोपशीर मजकूर आहे. इंग्रजी करणारा अभ्यासू असेल, तर त्याला प्रत्येक शब्दापाशी काळजी वाटू लागते. गंगा म्हणजे काय, हे परक्याला कसं कळणार? मग हिंदूंच्या तीन पवित्र नद्या आणि त्यांतली सरस्वती लुप्त, हे सांगणं आलं. सिद्दी कोण? मूळचे आफ्रिकेतले, आदिलशाहीत सरदारकीला चढलेले. आदिलशाही कुठली? विजापूरची. महाराजांचा जन्म, राज्याभिषेक, मृत्यू यांची सालं आली. खंडीचा हिशेब आला. पाच वाक्यांची पंधरा होतात. यातलं खोटं काहीच नसतं, पण उन्हात उभा असलेला माणूस चौथ्या वाक्याला फलकावरून नजर काढतो आणि वेढ्यापर्यंत पोचतच नाही.

याचं कारण असं, की फलक वाचणारा वस्तूसमोर उभा असतो. अंबरखान्यापुढे त्याला काय दिसतं? सुमारे ३५ फूट उंचीची भव्य इमारत, आणि बाहेरच्या बाजूने थेट छपरावर जाणारा जिना. छपरावर तर काहीच नाही, मग जिना कशाला? हा प्रश्न त्याला तिथेच पडलेला असतो. उत्तर सोपं आहे. कोठीच्या आतल्या प्रत्येक खणावर घुमटी आहे आणि तिच्या माथ्याला भोक आहे. धान्य जिन्याने वर न्यायचं आणि भोकातून आत ओतायचं. मराठी मजकुरात हे एक अक्षरही नाही, कारण लिहिणाऱ्याने ते लहानपणीच पाहिलेलं आहे. इंग्रजीत वाढवायचं असेल, तर ते इथे वाढवावं. डोळ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लांबण लावत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लावतं.

आता खंडीकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. खंडी म्हणजे वीस मण, हे जुन्या माणसांना पाठ असतं. पण मण सगळीकडे सारखा नव्हता. ब्रिटिश काळातला मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास, तर बंगालचा सरकारी मण सदतीस किलोंहून जास्त. पहिला धरला तर पंचवीस हजार खंडी म्हणजे सहा हजार टनांच्या थोडं वर. दुसरा धरला तर साडेअठरा हजार टन. शब्दकोशात जो मण आधी सापडेल तो घेऊन गुणाकार केला की तिप्पट फरक पडतो.

पडताळा इमारतच देते. गंगा कोठीचं क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, उंची साधारण पावणेअकरा मीटर. म्हणजे भिंती आणि घुमट्यांची जाडी धरूनसुद्धा दहा हजार घनमीटरच्या आसपास. एवढ्या सगळ्या जागेत नुसतं भात कोंबलं, तरी सहा हजार टनांच्या आसपासच मावेल. साडेअठरा हजारांचा आकडा त्या भिंतींत शिरतच नाही. शिवाय खंडी कुठे वजनाची होती, कुठे पायली-मणाच्या मापाची. तेव्हा इंग्रजीत टन लिहू नयेत. नुसती खंडी ठेवली तर परक्याला बोध होत नाही. हा आकडा मराठीत राहू द्यावा आणि इंग्रजीतून काढावा, हे बरं. इमारतीचा आकार तर तो समोर पाहतोच आहे.

नावांचा निवाडा वेगळा. गंगा, यमुना, सरस्वती ठेवायची, कारण वाटाड्या तीच नावं घेणार आणि नकाशावरही तीच असणार. त्यांच्या आधी ‘नद्या’ एवढा एक शब्द पुरतो. सिद्दींचा मूळ देश हा फार मोलाचा विषय आहे, पण तो वेढ्याच्या स्वतंत्र फलकावर शोभेल. इथे ‘विजापूरचं सैन्य’ म्हटलं की आदिलशाही आणि शत्रू दोन्ही कळतात. महाराजांच्या नावापुढे ‘मराठा राज्यकर्ते’ हे दोनच शब्द हवेत, पण ते हवेतच. पारख करायची सोपी रीत अशी: खुलाशावर बोट ठेवून वाक्य वाचावं. अर्थ अडला तर खुलासा राहतो, नाही अडला तर जातो.

एक गोष्ट मात्र मराठी मजकुरात नाही आणि इंग्रजीत लागतेच, ती म्हणजे काळ. मराठी वाचकाला वेढा म्हटला की साल आठवतं. पाहुण्याला १६६० सांगावं लागतं, आणि मार्च ते जुलै असे चार महिन्यांहून अधिक काळ गड वेढलेला होता, हेही. कोठाराची थोरवी त्या चार महिन्यांतच आहे. ‘बलाढ्य’, ‘अजिंक्य’, ‘ऐतिहासिक’ अशी विशेषणं घालून ती वाढत नाही.

शिवा काशिदांच्या बाबतीत हे आणखी जाणवतं. नेबापूरचा हा माणूस महाराजांच्या वेषात पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला, तेवढ्या वेळात महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले. मराठीत त्याच्याभोवती ‘स्वामिनिष्ठा’, ‘हौतात्म्य’, ‘अमर’ असे शब्द येतात आणि ते आपल्या जिव्हाळ्यातून येतात. इंग्रजीत त्यांची रांग लावली, तर परका माणूस विशेषणांतून वाट काढत कृतीपर्यंत उशिरा पोचतो. त्याला कृती आधी सांगावी: तो कोण, कुठला, काय केलं, काय झालं. जो ते वाचतो, तो तिथे थांबतोच.

या सगळ्यानंतर अंबरखान्याचा इंग्रजी परिच्छेद असा होतो: ‘दीज थ्री ग्रॅनरीज आर नेम्ड आफ्टर द रिव्हर्स गंगा, यमुना अँड सरस्वती. ग्रेन वॉज कॅरीड अप द आउटसाइड स्टेअर्स अँड पोर्ड इन थ्रू होल्स इन द रूफ. इन १६६०, व्हेन अ बिजापूर आर्मी अंडर सिद्दी जौहर बिसीज्ड पन्हाळा फॉर मोअर दॅन फोर मंथ्स, द ग्रेन स्टोर्ड हिअर फेड छत्रपती शिवाजी महाराज, द मराठा रूलर, अँड हिज मेन.’

तीन वाक्यं. खंडी गेली, जिना आला, साल आलं. मथळ्याला मात्र हात लावायचा नाही. रोमन लिपीत ‘अंबरखाना’ हेच नाव मोठ्या अक्षरांत, आणि त्याचं स्पेलिंग वाटेवरच्या पाटीवर, तिकिटावर आणि नकाशावर एकच. खाली उतरल्यावर पाहुण्याने कोडोलीच्या एखाद्या मुलाला ‘अंबरखाना पाहिला’ म्हटलं, तर पोराला कळायला हवं की तो कशाबद्दल बोलतो आहे.