व्याज रोखीच्या रकमेवरच



जीएसटीचं विवरणपत्र उशिरा भरलं,
तर व्याज लागतंच.
पण कशावर?

समजा, कर 1 लाख रुपये.
त्यातले 80 हजार इनपुट क्रेडिटमधून वळते झाले.
20 हजार तुम्ही रोख भरले.
व्याज या 20 हजारांवरच.

कलम 50 मधली ही तरतूद
जीएसटी सुरू झाल्यापासून लागू आहे.

तरी नोटीस पूर्ण लाखावर आली?
मुदतीत लेखी उत्तर द्या.
जीएसटीआर-3बी आणि रोख खातेवही जोडा.
रोख किती, क्रेडिट किती, तिथे स्पष्ट दिसतं.

आदेशच निघाला असेल,
तर कलम 161 खाली दुरुस्तीचा अर्ज करा.
आदेशापासून तीन महिन्यांच्या आत.

पुन्हा सांगते, व्याज रोख भरलेल्या रकमेवर.

मात्र विवरणपत्राआधीच करवसुलीची कारवाई सुरू झाली असेल,
तर ही सवलत मिळत नाही.