एका पाठाचं शब्दकोडं



आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं आणि ज्यांनी हा रंगमंच गाजवला त्यांचं मनापासून अभिनंदन. स्नेहसंमेलन संपलं की वार्षिक परीक्षा दिसू लागते. म्हणून आज मी तुम्हाला अभ्यासाची एकच कृती सांगणार आहे, ती पूर्ण करून दाखवणार आहे. पुस्तकातल्या एका पाठातल्या महत्त्वाच्या संज्ञा घेऊन त्यांचं शब्दकोडं स्वतः तयार करायचं आणि काही दिवसांनी ते स्वतःच सोडवायचं.

पाठ मी आपल्या दारातलाच निवडला आहे. नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रिया शिकताना सागरी लाटांचं कार्य येतं. रत्नागिरीच्या मुलांना हा भाग शिकायला चित्रांची गरज नाही. रत्नदुर्ग ज्या टोकावर उभा आहे ते समुद्रात घुसलेलं भूशिर आहे, आणि त्याच्या कड्यांवर लाटा आपटताना तुम्ही पाहिल्या आहेत. भाट्याची पुळण तर रोजच्या फिरण्यातली. काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते तिथे तोंडाशी वाळू साचते आणि बोटी आत-बाहेर करताना त्रास होतो, हे राजिवड्याची मुलं मला सांगतील. तरीही परीक्षेत ‘वाळूचा दांडा’ आणि ‘पुळण’ यांची अदलाबदल होतेच. पाहिलेलं असतं, वाचलेलं असतं, पण नेमक्या वेळी नेमका शब्द आठवत नाही.

याचं कारण आपल्या वाचण्याच्या पद्धतीत आहे. तोच पाठ तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, असा आपला समज होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी उतारे वाचायला दिले. त्यानंतर काही उतारे विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचले, तर काही उताऱ्यांतलं जे आठवेल ते न बघता कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर चित्र उलटलं. आठवून लिहिलेल्या उताऱ्यांतलं सुमारे ५६ टक्के शिल्लक होतं आणि पुन्हा वाचलेल्यांतलं ४२ टक्के. आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास असतो, हे त्यातून दिसलं. शब्दकोडं तुमच्याकडून हाच प्रयत्न करून घेतं.

आता कोडं तयार करूया. पहिलं काम पुस्तक मिटून करायचं. पाठातल्या जेवढ्या संज्ञा आठवतात तेवढ्या लिहायच्या आणि मगच पुस्तक उघडून राहिलेल्या भरायच्या. राहिलेल्यांवर खूण करा, कारण त्याच तुमच्या कच्च्या आहेत. आपल्या भागातून मी दहा संज्ञा घेतल्या आहेत: भूशिर, कडा, गुहा, कमान, स्तंभ, तरंगघर्षित मंच, संचयन, पुळण, दांडा आणि खाजण. यापेक्षा जास्त घेऊ नका. प्रत्येक ठळक शब्द कोड्यात कोंबला तर कोडं करण्यातच रविवार जातो आणि ते सोडवायला वेळ उरत नाही.

दुसरं काम चौकटीचं. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, त्याच्या काना-मात्रेसह, अनुस्वारासह आणि जोडाक्षरासह. म्हणून ‘स्तंभ’ दोनच घरांत मावतो. दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर ते अक्षर तंतोतंत तेच हवं. ‘कडा’ आणि ‘दांडा’ यांची ‘डा’वर गाठ पडते, पण तुम्ही ‘कडे’ असं अनेकवचन लिहिलंत तर ती सुटते. म्हणून सगळ्या संज्ञा एकवचनी घ्या. ‘सागरी’, ‘तरंगघर्षित’ असे शब्द चौकटीत घालू नका, ते सूत्रात लिहा.

वहीत चार ओळी आखा, प्रत्येक ओळीत पाच घरं. सगळ्यांत खालच्या ओळीत पहिल्या घरापासून आडवं ‘संचयन’ लिहा. त्यातल्या ‘च’च्या डोक्यावरच्या घरात ‘मं’ लिहिलं की उभा ‘मंच’ तयार झाला. शेवटच्या ‘न’च्या वरच्या घरात ‘मा’ आणि त्याच्यावर ‘क’ लिहा, म्हणजे वरून खाली ‘कमान’ वाचता येईल. त्या ‘क’च्या उजवीकडे ‘डा’ लिहा, आडवा ‘कडा’ झाला. आणि त्या ‘डा’च्या वर ‘दां’ लिहिलं की उभा ‘दांडा’ पुरा. एवढ्याशा चौकटीत पाच संज्ञा बसल्या आणि प्रत्येक संज्ञा दुसरीला कुठेतरी छेदते. ‘पुळण’ आणि ‘खाजण’ शेवटच्या ‘ण’वर एकमेकांना मिळतात. त्यांची वेगळी छोटी चौकट शेजारी आखा.

आता नीट बघा, बाहेर कोण राहिलं? भूशिर, गुहा आणि स्तंभ. त्यांचं अक्षर कुणाशी जुळलं नाही, एवढंच कारण. त्यांचं महत्त्व मुळीच कमी नाही. उलट या पाठाची सगळी गोष्ट त्यांच्यात आहे. भूशिराच्या दोन्ही बाजूंनी लाटा खडकाच्या भेगांवर आघात करतात, तिथे गुहा कोरल्या जातात. पाठीला पाठ लावलेल्या दोन गुहा आरपार मिळाल्या की कमान होते. कमानीचं छत कोसळलं की समुद्रात एकटा खडक उभा राहतो, तो स्तंभ. आपल्या चौकटीत कमान आली, पण तिच्या आधीची गुहा आणि नंतरचा स्तंभ गळाले. शब्दकोड्याची ही मोठी मर्यादा आहे. ते संज्ञा अक्षरांवरून निवडतं, आशयावरून निवडत नाही, आणि क्रम किंवा कारण तर ते विचारूच शकत नाही. म्हणून कोड्याखाली तीन-चार साधे प्रश्न लिहायचेच. पहिला प्रश्न: भूशिरापासून स्तंभापर्यंतचा क्रम लावा आणि प्रत्येक टप्प्याचं कारण एका वाक्यात द्या. दुसरा: पुळण आणि दांडा यांत फरक काय? तिसरा: मंच रुंद होत जातो तेव्हा कड्याचं काय होतं?

तिसरं काम सूत्रांचं, आणि खरा अभ्यास इथे होतो. पुष्कळ विद्यार्थी सूत्र लिहितात, ‘समुद्रकिनाऱ्यावरील भूरूप’. हे सूत्र दहातल्या आठ-नऊ शब्दांना लागू पडतं, म्हणजे ते कोणालाच लागू पडत नाही. दुसरी चूक म्हणजे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं. मग आठवतं ते वाक्य, अर्थ आठवत नाही. सूत्र स्वतःच्या शब्दांत लिहा. त्यात हे भूरूप कशामुळे तयार होतं आणि शेजारच्या संज्ञेपेक्षा वेगळं कशात आहे, या दोन गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ, पुळणीचं सूत्र असं: ‘लाटांनी आणलेली वाळू किनाऱ्यालाच लागून पसरते तेव्हा हिची निर्मिती होते.’ दांड्याचं: ‘वाळू किनाऱ्यापासून सुटून, खाडीच्या तोंडाशी किंवा उथळ पाण्यात लांबट साठते तेव्हा हा तयार होतो.’ खाजणाचं: ‘दांड्यामुळे समुद्रापासून अलग पडलेलं उथळ खाऱ्या पाण्याचं सरोवर.’ इथे कोकणातल्या मुलांनी जपायला हवं. आपल्याकडे खाडीकाठच्या खारट जमिनीलाही खाजण म्हणतात. पाठातला अर्थ सरोवराचा आहे, म्हणून सूत्रात ‘सरोवर’ हा शब्द यायलाच हवा. आणि मंचाचं सूत्र: ‘कडा झिजत मागे सरकला की त्याच्या पायथ्याशी उरणारा, ओहोटीला उघडा पडणारा सपाट खडक, तरंगघर्षित कोण?’

सूत्र नीट झालं की नाही, ते तपासायचा एक मार्ग आहे. कोडं शेजारच्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्या. त्यांनी वेगळंच उत्तर लिहिलं आणि ते उत्तरही सूत्राला बसत असेल, तर चूक तुमच्या सूत्राची आहे. त्या दोन संज्ञांमधला फरक तुम्हालाही अजून स्पष्ट नाही, असं समजा आणि पाठाचा तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचा.

आता कोडं सोडवायचं कधी? त्याच दिवशी सोडवू नका. ‘दांडा’ वरच्या कोपऱ्यात आहे हे तेव्हा हाताला आठवत असतं, त्यामुळे सगळं भराभर सुटतं आणि त्यातून काहीच कळत नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग रिकामी चौकट आणि सूत्रं घेऊन, पुस्तक लांब ठेवून बसा. प्रत्येक उत्तरापुढे खूण करा. नुसतं सूत्र वाचून आलं तर बरोबरची खूण. छेदणारं अक्षर मिळाल्यावर आलं तर अर्धी खूण. आलंच नाही तर फुली. ही अर्धी खूण फार मोलाची आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तुम्हाला छेदणारं अक्षर कोणी देत नाही, आणि शब्द दोन घरांचा की तीन घरांचा हेही कोणी सांगत नाही. म्हणून अर्धी खूण आणि फुली यांना सारखंच वागवा. तेवढ्याच संज्ञा वेगळ्या कागदावर घ्या आणि त्यांचे प्रश्न उलटे करा. आता संज्ञा समोर असेल, तिचं स्पष्टीकरण आणि एक छोटी आकृती तुम्ही द्यायची. आठवड्याने पुन्हा तेवढंच तपासा. ज्यांना बरोबरची खूण मिळाली ते शब्द महिनाभर बाजूला ठेवले तरी चालतील.

गणितातली उदाहरणं किंवा निबंध यांची तयारी या रीतीने होत नाही, तिथे उदाहरणंच सोडवावी लागतात आणि निबंधच लिहावा लागतो. पण भूगोल, जीवशास्त्र, नागरिकशास्त्र, व्याकरण, जिथे जवळजवळच्या संज्ञा एकमेकींत मिसळतात, तिथे ही रीत कामी येते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तयार कोडी छापून मुलांना वाटू नका. कोडं सोडवण्याइतकंच शिकणं ते रचण्यात आहे, आणि आयतं कोडं दिलं की ते शिकणं मुलांच्या हातून जातं. वर्गाचे गट करून प्रत्येक गटाला पाठाचा एक भाग द्या आणि गटांना एकमेकांची कोडी सोडवू द्या. सर्वांत जास्त गट ज्या सूत्रावर अडले, ती संज्ञा दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा शिकवा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला सांगणं एवढंच. येत्या रविवारी कोणत्याही एका विषयाचा एकच पाठ घ्या, दहा संज्ञा निवडा, कोडं रचा आणि बुधवारी ते पुस्तक मिटून सोडवा. ज्या शब्दांपुढे फुली पडेल, त्यांच्यापासून परीक्षेच्या अभ्यासाला सुरुवात करा.