सरासरीने झाकलेला वर्ग

गोव्यातील एका माध्यमिक शाळेची पाचवी इयत्ता डोळ्यांसमोर आणावी. वर्गात चाळीस मुले आहेत. काहींचे प्राथमिक शिक्षण मराठीतून, काहींचे इंग्रजीतून झालेले. आता सर्वांस अंकगणित इंग्रजीतून शिकावयाचे आहे. पन्नास गुणांच्या पहिल्या परीक्षेत वर्गाची सरासरी सुमारे सव्वीस आली. शिक्षकाने ती वहीत नोंदविली, आणि वर्ग मध्यम आहे असे समजून तो निश्चिंत झाला.

परंतु तेच गुण पाच-पाचांच्या गटांत मांडून प्रत्येक मुलामागे एक फुली घातली, तर निराळेच चित्र उमटते. शून्यापासून चढत्या क्रमाने फुल्या अशा पडल्या: १, ३, ८, ५, १, २, ५, ९, ५, १. दहा ते चौदा गुणांपाशी एक टेकडी, पस्तीस ते एकोणचाळीसपाशी दुसरी, आणि मधल्या दरीत, म्हणजे वीस ते एकोणतीस गुणांत, अवघी तीन मुले! ज्या सव्विसाने वर्गाचे वर्णन केले, त्याच्या आसपास जवळजवळ कोणीच नाही.

मात्र लहान वर्गात दोन-चार फुल्यांचा खळगा योगायोगानेही पडतो. म्हणून गटांची सुरुवात दोन गुणांनी सरकवून मांडणी पुन्हा करावी. दरी तरीही टिकली, आणि पुढील परीक्षेतही दिसली, तर ती खरी मानण्यास आधार मिळतो. कित्येकदा प्रश्नपत्रिकाच दोषी असते: वीस गुणांचा एकच प्रश्न, ज्याचे पहिले पाऊल चुकले की सारेच चुकते, तोही वर्गाचे दोन तुकडे करतो.

या प्रश्नपत्रिकेत वीस गुणांची नुसती आकडेमोड होती, आणि तीस गुणांची शाब्दिक उदाहरणे. खालच्या टेकडीतील सतरा उत्तरपत्रिका प्रश्नवार तपासल्या, तेव्हा बहुतेकांची आकडेमोड बरोबर निघाली. शाब्दिक उदाहरणांच्या जागा मात्र कोऱ्या होत्या. शिक्षकाने तीच उदाहरणे मराठीत वाचून दाखविली, आणि त्यांतील बरीच मुले ती सोडवू लागली. अडसर गणिताचा नव्हता, प्रश्नाच्या भाषेचा होता. या मुलांस पुन्हा पाढे घोकावयास लावणे व्यर्थ ठरले असते. त्यांस हवे होते ते "उरले किती", "प्रत्येकी किती" यांसारख्या शब्दांचे इंग्रजी पर्याय आणि उदाहरण वाचण्याचा सराव.

एक मर्यादा ध्यानी ठेवावी. दोन सारख्या आकाराच्या गटांच्या सरासऱ्यांतील अंतर प्रत्येक गटातील प्रमाण विचलनाच्या सुमारे दुपटीहून कमी असेल, तर दोन्ही टेकड्या मिसळून एकच दिसते. म्हणून एक टेकडी दिसली, एवढ्यावरून वर्गाची तयारी एकसारखी आहे असे ठरत नाही. अशा वेळी मागील शाळेप्रमाणे फुल्या दोन रंगांत घातल्या, तर लपलेला भेद उघड होतो.