शेवटच्या झाडाला पाणी किती?



हिवाळा आला की आपल्या जळगाव-धुळ्याच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते आणि माझ्या फोनवर मॉडेलचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ असते, ‘सर, कसं झालंय?’ आज मी अशा एकाच फोटोबद्दल बोलणार आहे. रावेर भागातल्या नववीतल्या एका मुलीने तो पाठवला होता. विषय केळीला ठिबक सिंचन. आपल्याकडे दर वर्षी निम्मी मॉडेल ठिबकचीच असतात आणि त्यात नवल नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ठिबकच्या नळ्या बनवणारा मोठा उद्योगही याच गावातला. पोरं जे बघतात तेच मांडतात.

फोटोत काय होते? प्लायवूडचा बोर्ड, त्यावर क्रेप कागदाची पाच केळीची झाडे, एक झोपडी, एक बैलगाडी. कोपऱ्यात लाकडी खांबाला उलटी टांगलेली पाण्याची बाटली आणि तिच्यातून निघून झाडांच्या ओळीने गेलेली सलाईनची नळी. नळीला सुईने पाडलेली पाच भोके. मागे चार्ट: ‘ठिबकने ५० टक्के पाण्याची बचत’.

मी पहिल्यांदा विचारले, सलाईनची नळी नवी आहे की दवाखान्यातून आणलेली? वापरलेला सेट हा जैववैद्यकीय कचरा असतो, त्याला मुलांनी हातच लावायचा नाही. नवा सेट मेडिकलवर स्वस्तात मिळतो. तिचा नवाच निघाला.

फोटो समोरून, थोडा वरून आणि मॉडेल कोरडे असताना काढलेला होता. असा फोटो शोभेचा. त्यावरून बैलगाडी छान झाली एवढेच कळते. मी तिला दुसरा फोटो मागितला: फोन बोर्डाच्या पातळीला धरून, बाजूने, बाटलीशेजारी फूटपट्टी उभी करून आणि पाणी चालू ठेवून. हा फोटो आला आणि मॉडेल बोलायला लागले. बाटलीतले पाणी भोकांपेक्षा साधारण ३५ सेंटीमीटर उंच होते. नळी मध्येच उचललेली होती आणि त्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकला होता. एवढ्या कमी दाबाला असा बुडबुडा पाणी अडवतो. शेतकरी नळीचे शेवटचे टोक उघडून पाणी सोडतो, नळी साफ करतो आणि मग टोक बंद करतो. मॉडेललाही तेच करायचे.

मग मी तिला काम दिले. झाडांच्या जागी पाच सारखे कप ठेव, पाच मिनिटे पाणी सोड आणि प्रत्येक कपातले पाणी बिनसुईच्या सिरिंजने मोज. तिचे आकडे आले: ३८, २१, ३४, १२, ३० मिलिलिटर. सरासरी २७. सगळ्यात उपाशी झाडाला सरासरीच्या ४४ टक्के पाणी. ज्या ठिबकची ओळखच ‘सर्वांना सारखे’ अशी, तिथे ही पंगत!

ती म्हणाली, ‘सर, लांबीमुळे पुढे पाणी कमी पोचतं.’ पुस्तकातले उत्तर बरोबर, पण इथे लागू आहे का? बघा, पाचव्या झाडाला चौथ्यापेक्षा जास्त मिळाले आहे. मी म्हटले, नळी उलटी कर. जे टोक बाटलीला होते ते शेवटी घे आणि पुन्हा मोज. दोष लांबीचा किंवा बोर्डाच्या उताराचा असेल, तर उपाशी कप जागा बदलणार नाही, तो बाटलीपासून तितकाच दूर राहील. दोष भोकाचा असेल तर उपास त्या भोकाबरोबर फिरेल. फिरला. चौथे भोक आता बाटलीपासून दुसरे होते आणि तरी सगळ्यात कमी पाणी त्याचेच. हाताने सुई टोचून पाच सारखी भोके पडत नाहीत, एवढाच तो प्रकार. सबंध मॉडेलमधला सगळ्यात चांगला प्रयोग हाच आणि तो बोर्डावर नव्हताच.

उपाय ठिबकच्या दुकानात मिळतो. सलाईनची नळी काढून तिथे १२ मिलिमीटरच्या लॅटरलचा एक उरलेला तुकडा घ्यायचा आणि त्यात बारीक मायक्रोट्यूब बसवायच्या. पाचही तुकडे मीटरभर, एका मापाचे, वळसे देऊन ठेवलेले. आता पाण्याला अडवणारे छिद्र नसून नळीची लांबी आहे आणि लांबी फूटपट्टीने मोजता येते. एवढ्या संथ प्रवाहात लांबी निम्मी केली की पाणी जवळजवळ दुप्पट येते, हे ती परीक्षकांसमोर करून दाखवू शकते. पण एक पथ्य आहे. पाचही तोंडे एकाच पातळीवर हवीत. समजा, २५ सेंटीमीटरच्या दाबात एक तोंड अडीच सेंटीमीटर खाली गेले, तर तिथे दहा टक्के पाणी जास्त पडते.

दुसरा दोष बाटलीचा. पाणी उतरते तसा दाब उतरतो. सकाळी उद्घाटनाला टपटप आणि परीक्षक दुपारी येईपर्यंत टिप नाही, हे दृश्य शिक्षक मंडळींना नवे नाही. यावर सतराव्या शतकातल्या मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी बाटली आहे. जाड प्लास्टिकची बाटली सरळ उभी ठेवायची, तळाशी बाजूला पाण्याची नळी काढायची. झाकणाला भोक पाडून त्यातून स्ट्रॉ जवळजवळ तळापर्यंत, पण त्या नळीच्या जरा वर, न्यायची आणि झाकण, स्ट्रॉ सगळे एम-सीलने हवाबंद करायचे. आता हवा फक्त स्ट्रॉमधूनच आत येते, म्हणून दाब पाण्याच्या पातळीपासून मोजायचा नाही, स्ट्रॉच्या खालच्या टोकापासून मोजायचा. पातळी त्या टोकापर्यंत उतरेपर्यंत धार बदलत नाही. जमले की नाही ते डोळ्यांना दिसते: स्ट्रॉच्या खालच्या टोकातून बुडबुडे सुटले पाहिजेत. नाही सुटले तर झाकण गळते आहे. बाटली उन्हात ठेवू नये, आतली हवा तापून फुगते आणि पाणी ढकलते.

स्ट्रॉचे टोक तोंडांपेक्षा २५ सेंटीमीटर उंच ठेवून तिने पुन्हा मोजले: ३६, ३९, ३७, ३५, ३८. सरासरी ३७, सगळ्यात कमी ३५, म्हणजे सरासरीच्या ९५ टक्के.

राहिला तो चार्ट. ५० टक्के बचत तिने मोजलेली नव्हती, कुठून तरी उतरवलेली होती. मी तो काढायला सांगितला, थोडी हिरमुसली. शेतातली तोटी साधारण दहा मीटर पाण्याच्या दाबावर चालते, इथे पाव मीटर. या मॉडेलवरून बचतीचा आकडा निघत नाही. निघते ते वाटपाचे. आणि वाटपाचा प्रश्न आपल्याकडे ठिबकपेक्षा फार जुना आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेताशेतात पोचवायला गावाने पाटकरी नेमलेला असे. शेवटच्या शेताला पाणी पोचले का, ही त्याच्या कामाची खरी कसोटी. नव्या चार्टवर तिने आधीचे पाच आणि नंतरचे पाच आकडे दोन रांगांत लिहिले. खाली उलट्या नळीचा प्रयोग. झोपडी राहू दिली, बैलगाडी कपांना जागा हवी म्हणून गेली.

सभागृहात शिक्षक बरेच दिसतात, म्हणून एक मागणी करून थांबतो. येत्या प्रदर्शनात ठिबकचे मॉडेल तालुक्याला पाठवण्याआधी त्याच्याखाली पाच कप ठेवा, आकडे मुलांनाच लिहू द्या आणि ते जसे येतील तसे चार्टवर लावा.