रतलामची गटारे आणि घटनेतील निदेशक तत्त्वे

(भोपाळ येथील अशोका गार्डन वसाहतीत मराठी भाषक शिक्षक, कर्मचारी आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्यघटनेवरील प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न नाना रूपांनी विचारला जातो. मूलभूत हक्क न्यायालयामार्फत बजावून घेता येतात, निदेशक तत्त्वे येत नाहीत. तेव्हा पुढीलपैकी कोणती तरतूद कोणत्या वर्गातील? विद्यार्थी अनुच्छेदांचे आकडे पाठ करतात. बाराव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतचे अनुच्छेद तिसऱ्या भागात म्हणजे मूलभूत हक्कांत, छत्तिसाव्यापासून एकावन्नाव्यापर्यंतचे चौथ्या भागात म्हणजे निदेशक तत्त्वांत. एवढ्यावर गुण मिळतात, हे खरे. परंतु जे तत्त्व न्यायालयात बजावता येत नाही, ते घटनेत लिहिले तरी कशासाठी, ही शंका मनात राहतेच. तिचे उत्तर आपल्याच मध्य प्रदेशातील एका खटल्यात सापडते, म्हणून आज मी तोच सांगणार आहे.

रतलाम नगरातील बारा क्रमांकाच्या प्रभागात उघडी गटारे होती. जवळच्या झोपडपट्टीत शौचालये नसल्यामुळे तेथील लोकांना उघड्यावर बसावे लागे आणि मद्यार्काच्या एका कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी रस्त्यावर येई. डासांचा त्रास तर विचारूच नका. नागरिकांनी नगरपालिकेकडे केलेल्या तक्रारींचा उपयोग झाला नाही.

आता या नागरिकांपुढे कोणते मार्ग होते ते पाहा. घटनेचा सत्तेचाळिसावा अनुच्छेद सांगतो की, सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याने आपले प्राथमिक कर्तव्य मानावे. शब्द अगदी त्यांच्या उपयोगाचे. परंतु हा अनुच्छेद चौथ्या भागातील आहे, आणि त्या भागाच्या प्रारंभी सदतिसाव्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, या तरतुदींची अंमलबजावणी न्यायालयाकरवी करून घेता येणार नाही. 'सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाचा भंग झाला आहे, तरी गटारे बांधून द्यावीत', एवढ्याच आधारावर कोणी अर्ज केला असता, तर तो टिकला नसता. मूलभूत हक्काचे तसे नाही. अस्पृश्यता पाळली गेली अथवा कोणाला बेकायदा डांबून ठेवले, तर बत्तिसाव्या अनुच्छेदान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात आणि दोनशे सव्विसाव्यान्वये उच्च न्यायालयात जाता येते. त्यासाठी आधी दुसरा एखादा कायदा झालेला असावा लागत नाही.

रतलामकरांनी घटनेचे कलम पुढे केले नाही. ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेले, ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली. सार्वजनिक जागेतील उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार या कलमाने दंडाधिकाऱ्यास दिला होता. त्यांच्या हाती दुसरा आधार होता मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ च्या कलम १२३ चा. रस्ते आणि गटारे स्वच्छ राखणे, मैला व घाण हलविणे ही नगरपालिकेची कर्तव्ये म्हणून त्यात नमूद आहेत. सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात जे ध्येय म्हणून होते, तेच येथे विधिमंडळाने केलेल्या कायद्यात बंधनकारक कर्तव्य म्हणून उतरले होते. न्यायालयाचे दार उघडले ते या कायद्याने.

दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून नगरपालिकेस सहा महिन्यांत योजना तयार करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायाधीशांनी तो रद्द केला, तर उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. तेव्हा नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे एकच : पैसा नाही. सरकारी कचेरीत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे वाक्य परिचित असेल, आणि ते दर वेळी खोटे असते असेही नाही.

१९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. कायद्याने सोपविलेले कर्तव्य निधीच्या अभावाचे निमित्त सांगून टाळता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. कारखान्याचे सांडपाणी थांबवावे, स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी निराळी सार्वजनिक शौचालये बांधावीत, त्यांना पाणीपुरवठा व सफाईची व्यवस्था करावी, असे ठरलेल्या मुदतींचे आदेश दिले गेले. मात्र न्यायालयाने नगरपालिकेच्या ऐपतीकडे अगदीच डोळेझाक केली नाही. कामाचा व्याप कमी करून परवडेल अशी योजना स्वीकारली आणि आवश्यक तो पैसा राज्य शासनाकडून अनुदान वा कर्ज म्हणून मिळविण्याची वाट दाखविली.

या निकालात सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाचा उल्लेख आला आहे, आणि येथेच वाचकांची गफलत होते. 'रतलाम खटल्यात न्यायालयाने निदेशक तत्त्व बजावले', असे अनेक मार्गदर्शक पुस्तिकांतून सरसकट लिहिलेले असते. बजावले गेले ते नगरपालिका अधिनियमातील कर्तव्य. त्या कर्तव्याचा अर्थ किती गांभीर्याने घ्यावा, हे ठरविताना निदेशक तत्त्वाचा आधार घेतला गेला. सदतिसाव्या अनुच्छेदाचे दुसरे अर्धे वाक्य हेच सांगते : ही तत्त्वे राज्यकारभाराच्या दृष्टीने मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. परीक्षार्थी पहिले अर्धे पाठ करतात आणि दुसरे सोडून देतात. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर सांगितले होते की, सत्ताधाऱ्यांना या तत्त्वांबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, परंतु निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे द्यावाच लागेल.

तत्त्वाचा प्रवास कायद्यापाशीच थांबतो असेही नाही. मूळ घटनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात, म्हणजे निदेशक तत्त्वांत होती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण अनुच्छेद २१क म्हणून तिसऱ्या भागात आणले, आणि १ एप्रिल २०१० पासून तो हक्क अमलात आला. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण मात्र पंचेचाळिसाव्यातच राहिले. म्हणून प्रश्नात 'सहा ते चौदा' असे असेल तर उत्तर हक्क, 'सहा वर्षांखालील' असेल तर उत्तर तत्त्व. बालमजुरीचेही असेच आहे. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात वा खाणीत कामास लावण्यास चोविसाव्या अनुच्छेदाने मनाई आहे व तो हक्क आहे. कोवळ्या वयाचा गैरफायदा घेतला जाऊ नये असे राज्याने धोरण ठेवावे, हे एकोणचाळिसाव्यातील तत्त्व आहे. विषय एक, वाक्ये दोन. म्हणून केवळ विषय पाहून उत्तर देऊ नये.

आता आपल्या वसाहतीविषयी. रतलामचे कलम १३३ आज त्या रूपात राहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ त्याच्या जागी आले आहे. भोपाळात महानगरपालिका असल्यामुळे येथे कर्तव्ये पाहावयाची ती मध्य प्रदेश महानगरपालिका अधिनियम, १९५६ मध्ये. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करावा आणि त्यात जागा, उपद्रवाचे स्वरूप, तो केव्हापासून आहे, पूर्वी केलेल्या तक्रारींच्या तारखा, हे द्यावे. दंडाधिकारी पुरावा पाहून प्रथम सशर्त आदेश काढतात. उपद्रव हटवावा किंवा हजर राहून का हटवू नये ते सांगावे, असा तो असतो. शेजाऱ्याच्या भिंतीचे पाणी केवळ आपल्या अंगणात येते, यासाठी मात्र हे कलम चालत नाही. उपद्रव सार्वजनिक असावा लागतो; खासगी वाद दिवाणी न्यायालयाचा.

१९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात येतो असे म्हटले, त्यामुळे आज रतलामकरांना उच्च न्यायालयाचाही मार्ग खुला झाला असता. परंतु गल्लीतील गटारासाठी जबलपूरला जाण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांची कचेरी गाठावी, असे माझे मत आहे; ती जवळ आहे आणि तेथे खर्चही कमी येतो.